तीनदा परत आलेली पैठणी: वापरलेल्या कपड्याचे वर्णन नेमके कुठे चुकते

जालन्यात राहून वापरलेल्या साड्या, शिवलेले ब्लाउज आणि लग्नकार्यातले कपडे फोनवरून विकण्याचे काम मी गेली काही वर्षे करीत आहे. या कामात एक अडचण इतकी वारंवार येते की तिच्यावर स्वतंत्रपणे लिहावे असे वाटले. कपडा चांगला असतो, किंमत रास्त असते, फोटोही खरे असतात आणि तरीही गिऱ्हाईक तो परत पाठवते. गेल्या वर्षी वांगी रंगाची एक पैठणी तिच्या शिवलेल्या ब्लाउजसह चार महिन्यांत तीन वेळा माझ्या दारी परत आली. तिन्ही वेळा कारण वेगळे होते आणि तिन्ही वेळा चूक साडीत नव्हती, माझ्या लिहिण्यात होती. ती दुरुस्त करताना जे करावे लागले ते त्या एका जोडीच्या आधारानेच सांगते.

मूळ वर्णन असे होते: "पैठणी, शिवलेल्या ब्लाउजसह, छाती ३६, फक्त दोन वेळा नेसलेली, उत्तम स्थितीत, स्वच्छ." यात खोटे काहीही नव्हते. पण "३६", "उत्तम" आणि "स्वच्छ" हे तिन्ही शब्द म्हणजे कुणाचे तरी मत होते. कुणी टेप लावलेले, डोळ्यांनी पाहिलेले किंवा हातांनी केलेले असे त्यात एकही नव्हते. पहिल्या गिऱ्हाइकाने "ब्लाउज बसत नाही" म्हणून जोडी परत केली, दुसऱ्याने "जर काळी पडली आहे आणि साडी घडीवर विरली आहे, हे सांगितले नव्हते" म्हणून, आणि तिसऱ्याने "पेटी उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला" म्हणून. तक्रार अशी आली की मी आता आधी वर्णनातला तो एक शब्द शोधते, ज्याचा अर्थ गिऱ्हाइकाने आपल्या परीने लावला असणार.

"३६" हा आकडा आला कुठून?

साडी ज्या काकूंकडून घेतली त्यांना मी ब्लाउजचे माप विचारले, त्यांनी "छत्तीस" सांगितले आणि मी ते तसेच लिहून टाकले. ते त्यांचे आजचे माप होते. ब्लाउज मात्र अनेक वर्षांपूर्वी शिवलेला होता. शिवलेल्या कपड्याचे माप कपड्यावरच घ्यायचे असते, पूर्वी तो वापरणाऱ्या बाईला विचारायचे नसते, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात पहिल्या परतीनंतर आली.

कुर्ता किंवा शर्ट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजावा आणि दुप्पट करावा, एवढ्याने काम भागते. कटोरी ब्लाउजला ही रीत लागू पडत नाही. कटोरीला फुगवटा असतो, त्यामुळे तो सपाट दाबला की पुढच्या भागाला चुण्या पडतात आणि माप एक-दीड इंचाने कमी भरते. म्हणून मी हुक काढून ब्लाउज पूर्ण उघडते आणि तीन भाग वेगळे मोजते. पाठ सपाटच असते, ती सरळ मोजता येते. पुढचे दोन्ही भाग आतल्या बाजूने, टेप कटोरीच्या फुगवट्यावरून फिरवत मोजावे लागतात. या ब्लाउजची पाठ साडेसोळा इंच भरली आणि पुढचे भाग प्रत्येकी साडेनऊ, म्हणजे एकूण साडेपस्तीस. त्यातून हुकपट्टी काजपट्टीवर जेवढी चढते तो पाऊण इंच वजा केला की बंद ब्लाउजचा घेर पावणेपस्तीस इंच उरतो. म्हणजे हा ब्लाउज चौतीस छातीच्या बाईचा होता. छत्तीसच्या बाईला हुक लागले नाहीत यात नवल ते काय! (जाता जाता एक सूचना: कापडी टेप वापरून वापरून ताणतो. माझा जुना टेप लोखंडी पट्टीशेजारी धरून पाहिला तेव्हा छत्तीस इंचांत जवळजवळ पाव इंचाचा फरक निघाला, आणि तो लगेच टाकून दिला.)

ब्लाउज उसवून सैल करता येईल का, हा पुढचा प्रश्न गिऱ्हाईक हमखास विचारते आणि "आत मार्जिन आहे" एवढे उत्तर त्याला पुरत नाही. मार्जिनचा हिशेब असा असतो. बाजूच्या शिलाईत कापडाचे दोन पदर असतात, एक पुढच्या भागाचा आणि एक पाठीचा, आणि अशा शिलाया दोन, म्हणजे एकूण चार पदर. या ब्लाउजच्या प्रत्येक पदरात एक इंच कापड दाबलेले होते. नव्या शिलाईसाठी पाव इंच आत राहायलाच हवे, म्हणून प्रत्येक पदराचे पाऊण इंच मोकळे होते आणि चार पदरांचे तीन इंच. कागदावर घेर पावणेअडतीसपर्यंत जातो. पण आतले अस्तर उलटून पाहिले तेव्हा त्यात प्रत्येक पदरात फक्त अर्धा इंच दाबलेला निघाला. अस्तराचे मोकळे होणारे कापड चार पदर मिळून अवघे एक इंच, म्हणजे अस्तर न बदलता हा ब्लाउज पावणेछत्तीसच्या पुढे जाणार नाही. शिवाय रेशमी कापडावर जुन्या शिलाईच्या सुईची भोके ओळीने दिसत राहतात आणि आत दबलेल्या कापडाचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद असतो. हे दोन्ही आधीच सांगितले, तर उसवल्यानंतर होणारा वाद टळतो.

मात्र ब्लाउज अडतो तो बहुतेक वेळा छातीत नव्हे, दंडात. बाहीला एकच शिलाई असते, म्हणून तिथे मोकळे होणारे पदर चार नसून दोनच. या ब्लाउजचा बाहीचा घेर साडेअकरा इंच होता आणि शिलाईत अर्धा इंच कापड. त्यातले प्रत्येकी पाव इंच सोडवले तरी घेर बारा इंचांवर थांबतो. बारा इंचांहून जाड दंडाच्या बाईला छाती जुळली तरी हा ब्लाउज घालता येणार नाही. तरीही विक्रीच्या वर्णनात छातीचे माप सगळे लिहितात आणि बाहीचा घेर जवळजवळ कुणीच लिहीत नाही. माझ्याकडे "बसत नाही" म्हणून परत आलेल्या ब्लाउजांची चौकशी केली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा उत्तर "बाही घट्ट होते" असेच मिळाले. त्यामुळे आता मी बाहीचा घेर छातीच्याही आधी लिहिते, त्याखाली मुंढा, उंची, पुढचा आणि मागचा गळा घेते, आणि ही मापे कपड्याची आहेत, अंगाची नाहीत, हे स्पष्ट नोंदवते.

साडीच्या मापात एवढी गुंतागुंत नाही. लांबी आणि पन्हा टेपने मोजावा, ब्लाउजपीस कापून घेतले आहे की नाही ते लिहावे, एवढे पुरे. जुन्या साड्यांचा पन्हा कधी कधी कमी असतो आणि उंच बाईला ती साडी घोट्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून पन्हा वगळू नये.

"उत्तम स्थिती" उजेडासमोर धरून पाहावी

दुसऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार मला अधिक लागली, कारण मी साडी खरोखरच तपासली होती. पण ती तपासली होती रात्री, ट्यूबलाइटखाली, पलंगावर पसरून. रेशमी साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिली की घडीच्या रेषेवर धागे तुटू लागतात, आणि हा दोष पलंगावर पसरलेल्या साडीत दिसत नाही, कारण खालच्या चादरीचा आधार त्याला झाकतो. साडी सकाळी खिडकीसमोर दोघींनी टोके धरून ताणली की घडीच्या ओळीत केसाएवढ्या उजेडाच्या फटी चमकतात. तशी फट आढळली की दोन्ही बाजूंना चिमटीत धरून अगदी हलके ओढून पाहावे. धागे जागच्या जागी राहिले तर झीज तेवढीच आहे; ते सरकून फट रुंदावली तर रेशीम विरले आहे आणि नेसताना ते आणखी फाटणार, आणि हे वाक्य जसेच्या तसे वर्णनात यायला हवे. माझ्या पैठणीत अशा दोन फटी होत्या आणि त्यातली एक ओढल्यावर सरकली.

झीज कुठे आहे हे सांगताना "थोडी", "किंचित" असे शब्द वापरू नयेत, कारण विकणाऱ्याचे थोडे घेणाऱ्याला फार वाटते. साडीला दोन निश्चित कडा असतात, पदराचे टोक आणि काठ, म्हणून कोणत्याही डागाचा पत्ता दोन मापांत देता येतो: पदराच्या टोकापासून किती इंच आणि वरच्या काठापासून किती खाली. त्यासोबत तो नेसल्यावर कुठे येईल तेही लिहावे. निऱ्यांच्या आत जाणारे भोक आणि खांद्यावर येणारे भोक आकाराने सारखे असले तरी घेणाऱ्याच्या दृष्टीने त्यांची किंमत अगदी वेगळी असते. पदर जिथे खांद्यावर पिनने अडकवतात तिथे टाचणीची भोके जवळजवळ प्रत्येक वापरलेल्या साडीत असतात. "दोनदाच नेसलेली" म्हणणाऱ्या साडीत ती दहा-बारा दिसली की गिऱ्हाइकाचा बाकीच्या वर्णनावरचाही विश्वास उडतो. किती वेळा नेसली हा आकडा मी आता लिहीतच नाही, कारण मला तो माहीत नसतो, ऐकलेला असतो.

जर काळवंडण्याची कारणे निराळी असतात. चांदीची जर हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे काळी पडते आणि तांब्यावर मुलामा दिलेली जर मुलामा झिजल्यावर लालसर दिसू लागते. पदरावर अत्तर किंवा सेंट मारण्याची सवय असेल तर त्या जागेचे ठिपके वेगळे ओळखू येतात. विकण्यापूर्वी चिंच, लिंबू किंवा खाण्याचा सोडा लावून जर उजळवण्याचा मोह टाळावा. अशा उपायांनी मुलामा निघतो आणि शेजारच्या रेशमाचा रंग पसरतो. काळी जर काळी म्हणूनच, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढलेल्या फोटोत दाखवावी. फ्लॅश लावला की काळवंडलेली जरसुद्धा चमकते आणि फोटो खरा असूनही फसवतो. डागाच्या फोटोत शेजारी रुपयाचे नाणे ठेवले की आकाराबद्दल वेगळे लिहावे लागत नाही.

हळद-कुंकवाचे डाग आपल्याकडच्या साड्यांत असणारच. हळदीच्या पिवळ्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, म्हणून पुष्कळ विक्रेत्यांना तो कुंकवाचा वाटतो आणि ते चुकीचे लिहितात. फरक महत्त्वाचा आहे, कारण हळदीचा डाग उन्हाने फिका पडत जातो, कुंकवाचा तसा जात नाही. अर्थात रेशमी साडी त्यासाठी आपल्या मराठवाड्याच्या उन्हात टाकू नये, डागाबरोबर साडीचाही रंग उडेल. आतल्या काठावर ओला पांढरा सुती रुमाल मिनिटभर दाबून पाहावा. रुमालाला रंग लागला तर "रंग सुटतो, घरी धुऊ नये" असे लिहावे.

"स्वच्छ" म्हणजे काय केले ते लिहिणे

तिसरी तक्रार वासाची होती आणि ती मला आधी पटलीच नाही, कारण मला वास येत नव्हता. ज्या घरात तोच वास रोज असतो त्या घरातल्या नाकाला तो कळत नाही, हे अगदी साधे कारण होते. आता मी कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दुपारभर उबदार खोलीत ठेवते आणि संध्याकाळी पिशवी शेजारच्या ताईंना उघडायला देते. त्यांचा पहिला श्वास हाच निर्णय. गिऱ्हाइकही पेटी अशीच उघडते, प्रवासात एक-दोन दिवस बंद राहिलेली. ब्लाउजची आणखी एक परीक्षा आहे: काखेच्या जागी कोमट इस्त्री फिरवावी. घामाचा वास कोरड्या, गार कपड्यात दबून राहतो आणि उष्णता लागताच वर येतो. इस्त्रीखाली वास आला तर तो घालणाऱ्या बाईच्या अंगाच्या उबेनेही येणारच, आणि तोवर ती मला पैसे देऊन चुकलेली असते.

डांबरगोळ्यांचा वास जायला वेळ लागतो, पण जातो, कारण त्या हवेत उडून जाणाऱ्या पदार्थाच्या असतात. घडी पूर्ण मोडून, सावलीत, वाऱ्यावर टांगून या साडीला चार दिवस लागले. अत्तर मारून वास झाकण्याचा प्रयत्न केला असता तर दोन वास झाले असते आणि जरीवर ठिपकेही पडले असते. तान्ह्या बाळांचे कपडे विकणाऱ्यांनी मात्र या गोळ्यांच्या बाबतीत फार काटेकोर असावे. ज्या बाळांच्या रक्तात जी६पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या वासाच्या कपड्यांमुळे फुटून गंभीर कावीळ झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. म्हणून बाळाचा कपडा गोळ्यांत ठेवलेला असेल तर तो विकूच नये, असे माझे मत आहे.

स्वच्छतेबद्दल लिहिताना मी दोन शब्द सोडून दिले, "निर्जंतुक" आणि "सॅनिटाइज्ड". रेशमी किंवा जरीची साडी कडक गरम पाण्यात धुता येत नाही, ड्रायक्लीनिंग म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे आणि घरी तसे करायची कोणतीही सोय माझ्याकडे नाही. मग तो शब्द कशाच्या आधारावर लिहायचा? त्याऐवजी काय केले, कोणत्या तारखेला केले आणि काय करता आले नाही ते लिहिते. सुती कपड्यांबाबत धुण्याचे पाणीही सांगते, कारण आमच्याकडे बोअरचे क्षारयुक्त पाणी साबणाला फेस येऊ देत नाही आणि त्यात धुतलेले पांढरे कापड कडक होऊन राखाडी झाक धरते. कपडा मळका नसतो, पण पुण्यातल्या गिऱ्हाइकाला तो मळका दिसतो. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढताना कपडा एकदाच खळबळला जातो, त्यात साबण उरतो आणि इस्त्रीने तो पिवळट होतो. असा कपडा मी पाणी येईपर्यंत विक्रीला काढत नाही.

ढेकणांसाठी शिलाया, काजपट्टीची आतली बाजू आणि फॉलची कड उलटून काळे ठिपके आहेत का ते पाहते. खरजेची भीती गिऱ्हाईक अनेकदा विचारते. तिचे किडे माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाहीत, त्यामुळे महिनाभर पेटीत राहिलेल्या साडीबाबत ती भीती बाळगण्याचे कारण नाही, हे मी सांगते. कालच अंगावरून उतरलेला कपडा असेल तर तो तेवढे दिवस बांधून ठेवल्यावरच पाठवते. अंतर्वस्त्रे मी घेतही नाही आणि विकतही नाही.

हे सगळे केल्यानंतर त्या जोडीचे वर्णन असे झाले:

"वांगी रंगाची पैठणी, ब्लाउजपीस कापलेले, लांबी साडेपाच मीटर, पन्हा ४६ इंच. घडीवर दोन ठिकाणी रेशीम तुटले आहे. पहिली फट पदराच्या टोकापासून ९० इंचांवर, काठापासून १४ इंच खाली, अर्ध्या इंचाची. ती हलके ओढल्यावर वाढते आणि निऱ्यांत जाईल असे वाटते, पण तुमच्या नेसण्यावर ते अवलंबून आहे. दुसरी फट पदराच्या टोकापासून १३० इंचांवर, तांदळाच्या दाण्याएवढी; ती वाढत नाही. पदराच्या घडीवर जर बोटभर रुंदीत काळवंडलेली आहे, उजळवण्याचा प्रयत्न केलेला नाही. खांद्याच्या जागी टाचणीची भोके आहेत. आतल्या काठावर ओल्या रुमालाला रंग लागत नाही. कटोरी ब्लाउज: बाहीचा घेर साडेअकरा इंच, उसवून कमाल बारा, बंद घेर पावणेपस्तीस, अस्तर न बदलता कमाल पावणेछत्तीस, अस्तर बदलल्यास पावणेअडतीस, उसवल्यास जुन्या शिलाईची भोके दिसतील. काखेत अस्तरावर दोन्हीकडे सुमारे दोन इंचांचे पिवळट डाग, बाहेरून दिसत नाहीत. सर्व मापे कपड्याची आहेत. दोन्ही नग ८ मार्चला ड्रायक्लीन केले, नंतर चार दिवस सावलीत टांगले. बंद पिशवीत ठेवून घराबाहेरच्या व्यक्तीकडून तपासले, तिला वास आला नाही. पूर्वी पेटीत डांबरगोळ्या होत्या. त्याआधी साडी कशी धुतली गेली हे मला माहीत नाही. आमच्या घरात मांजर आहे; कपडे बंद कपाटात असतात."

एवढे दोष वाचून कुणी घेणार नाही, असे आमच्या घरातल्यांचे म्हणणे होते, आणि चौकशीचे फोन खरोखरच कमी झाले; किंमतही मला पूर्वीपेक्षा उतरवावी लागली. पण जे फोन आले त्यांतले प्रश्न नेमके होते. नांदेडच्या एका ताईंनी फक्त बाहीबद्दल विचारले, स्वतःचा दंड मोजून साडेबारा सांगितला आणि ब्लाउज नको म्हणाल्या. जी फट वाढते ती रफूवाल्याकडून नेसण्यापूर्वी बांधून घेईन, असे त्यांनीच सुचवले. साडी त्यांच्याकडे गेली आणि परत आली नाही. ब्लाउज अजून माझ्या कपाटात आहे, त्याला अडकवलेल्या चिठ्ठीवर बाहीचा घेर पहिल्या ओळीत लिहिलेला.